गल्लीतला स्लॅब

दाट वस्तीतल्या पुनर्विकासात जुनी इमारत पाडली की नवी इमारत जवळजवळ सगळा भूखंड व्यापते. माल ठेवायला उरते ती जेमतेम एका ट्रकची जागा आणि पुढे सहा मीटरची गल्ली. अशा साइटवर माल किती लागतो यापेक्षा तो कधी येतो हा प्रश्न मोठा असतो. मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांना मज्जाव असतो, आणि रात्री दहा ते सहा ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार शांततेची. मधली दुपार तेवढी हाताशी राहते.

सळई साधारण बारा मीटर लांबीची येते. एवढा ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी वळतच नाही. म्हणून बारीक सळ्यांचे जुडे मधोमध दुमडून आणतात, आणि जाड सळ्या कारखान्यातच मापाने कापून-वाकवून, प्रत्येक जुड्याला चिठ्ठी बांधून मागवतात. इथे गाडी भरण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी बीमचे पिंजरे बांधायचे आणि मग स्लॅबची जाळी. तेव्हा बीमची सळई गाडीत वर हवी. ती खाली दबली, तर स्लॅबची सळई उतरवून ठेवायला जागा शोधावी लागते, आणि तीच तर नसते.

विटकाम आणि गिलाव्यासाठी सिमेंट मात्र गोण्यांनीच येते. दहा टनांचा एक ट्रक म्हणजे पन्नास किलोच्या दोनशे गोण्या. दहा-दहाची थप्पी लावली, तर सहा-सात चौरस मीटर जागा पुरते. त्याहून उंच थप्पीत खालच्या गोण्या दाबाने घट्ट होतात. गोण्या भिंतीपासून दूर आणि फळ्यांवर ठेवतात, आणि आधी आलेली आधी वापरतात. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे वीस टक्क्यांनी घटू शकते. बोटांनी न फुटणारे खडे दिसले, तर ती गोणी बाजूलाच काढावी. पावसाळ्यात स्वस्त मिळाले म्हणून दोन ट्रक घेणे महागात पडते ते यामुळेच.

रेती ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. चौदा फूट लांब, सात फूट रुंद हौद्यात तीन फूट रेती असेल, तर ती जवळजवळ तीन ब्रास भरते. पण ओलसर रेती फुगते. कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थराने आकारमान पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढले, तर तीन ब्रासचे पैसे देऊन खरी रेती २.४ ब्रासच मिळते. भांडेभर रेती पाण्यात बुडवून ढवळली की पातळी किती उतरते, ते लगेच दिसते. वजनाने घेतली, तरी पाण्याचे वजन वजा करावे लागतेच. रस्त्यावर ढीग टाकला, तर उरलेली कसर पहिली सर भरून काढते.

खरी कसोटी स्लॅबच्या दिवशी. एका मजल्याला बीमसह पन्नास घनमीटर काँक्रीट लागते असे धरू. सहा घनमीटरचे आठ मिक्सर आणि नवव्यात थोडे. गल्लीत एका वेळी एकच मिक्सर पंपाला लागतो आणि पंचवीस मिनिटांत रिकामा होतो. प्लँटवर भरायला दहा मिनिटे, येताना पन्नास, रिकामे व्हायला पंचवीस आणि परतीला चाळीस, अशी फेरी सव्वादोन तासांच्या आत, म्हणजे १२५ मिनिटांची. १२५ला २५ने भागले की पाच मिक्सर फिरते ठेवावे लागतात. पहिला साडेअकराला लागला, तर शेवटचा सव्वातीनच्या सुमारास रिकामा होतो.

पाचऐवजी सात ठेवले, तर सुरक्षित वाटते, पण ते नाक्यावर रांगेत उभे राहतात. तयार काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत ओतायचे असते; म्हणून चलानावरची भरण्याची वेळ साइटवर आधी वाचतात. घट्ट झालेल्या मालात चालक पाणी घालतो तेव्हा ते सैल होते आणि कमजोरही. स्लम्प अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर संशय घ्यायला जागा असते.

उलट मिक्सर वाटेत अडकला, तर आधीचा थर घट्ट होऊ लागतो आणि नवा त्याच्याशी एकजीव होत नाही. या कोल्ड जॉइंटमधून पुढे पाणी झिरपते. उशीर लांबणार असे दिसताच शहाणा इंजिनिअर वाट पाहत बसत नाही. बीमजवळ नव्हे, तर गाळ्याच्या मधल्या भागात उभी फळी लावून काम तिथे थांबवतो. दरम्यान पाइप तुंबू नये म्हणून पंप अधूनमधून थोडा चालवत ठेवतात.

सातवा मिक्सर रिकामा झाला की उरलेली जागा टेपने मोजून शेवटच्या गाडीची मागणी प्लँटला कळवतात. कागदावर दोन घनमीटर असले, तरी सेंट्रिंग थोडे दबलेले असेल, तर अडीच लागतात. ही मोजणी राहिली, तर एक तर कोपरा उघडा राहतो, नाहीतर उरलेला माल टाकायला गल्लीत जागा नसते.