एक-दोन सेकंद आणि अठरा तास

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता काम आटोपून झोपायला निघणार होता. जगभरचे प्रोग्रामर आपले कोड जिथे ठेवतात, अशा सेवांपैकी गिटलॅब ही एक मोठी सेवा. निघता निघता डेटाबेसची तक्रार आली, म्हणून तो थांबला. थोड्या वेळाने त्याने डेटा पुसण्याची आज्ञा दिली, आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की ती भलत्याच सर्व्हरवर गेली आहे. आज्ञा लगेच रद्द केली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते.

सेवा पुन्हा सुरू व्हायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ उजाडली. भारतात तोवर रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, म्हणजे १ फेब्रुवारीचा कामाचा आख्खा दिवस गेला होता. दहा दिवसांनी कंपनीने या घटनेचा सविस्तर अहवाल जाहीर केला. सर्व्हर बंद पडल्यावर सिस्टिम अ‍ॅडमिनने वरिष्ठांना काय सांगावं आणि कोणत्या क्रमाने सांगावं, हे समजून घ्यायला तो उत्तम नमुना आहे.

संगणकाशी ज्यांचा रोजचा संबंध नाही, अशा संचालकांना पहिल्या चार ओळींत तीनच गोष्टी हव्या असतात: काय बंद होतं, किती वेळ, आणि काय कायमचं गेलं. इथे तिसरं उत्तर सर्वांत नाजूक होतं. ग्राहकांचे कोड वेगळ्या जागी होते, ते सुरक्षित राहिले. मात्र ३१ तारखेला जागतिक वेळेनुसार संध्याकाळी ५.२० पासून मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये जे नोंदवलं गेलं, ते गेलं. अहवालाने अंदाज दिला: सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. ‘काही डेटावर परिणाम झाला’ अशा गुळमुळीत वाक्यापेक्षा हे आकडे वाचायला कडू आहेत, पण ग्राहकांना काय कळवायचं याचा निर्णय त्यांच्यावरच घेता येतो.

त्यानंतर घटनाक्रम. सगळ्या वेळा एकाच घड्याळाच्या, इथे जागतिक वेळेच्या. ५.२० ला या अभियंत्याने दुसऱ्याच एका कामासाठी डेटाबेसची प्रत काढून चाचणीच्या सर्व्हरवर ठेवली. सातच्या सुमारास डेटाबेसवरचा भार अचानक वाढला. स्पॅम टाकणाऱ्यांचा उपद्रव असावा, असा संशय होता. अकराच्या सुमारास दुय्यम सर्व्हर मागे पडला. साडेअकराच्या आसपास ती आज्ञा गेली.

हा दुय्यम सर्व्हर काय करतो? मुख्य सर्व्हर आपल्यातला प्रत्येक बदल एका वहीत टिपतो आणि दुय्यम सर्व्हर ती वही वाचून स्वतःमध्ये तेच बदल करतो. मुख्य सर्व्हर बंद पडलाच, तर याला पुढे करता येतं. जागा वाचावी म्हणून वहीची जुनी पानं फाडली जातात. त्या रात्री भार इतका वाढला, की दुय्यम सर्व्हरने वाचण्याआधीच पानं गेली. आता एकच उपाय उरला: दुय्यम सर्व्हर रिकामा करायचा आणि सगळा डेटा मुख्य सर्व्हरवरून नव्याने आणायचा.

हे काम `pg_basebackup` नावाचा प्रोग्राम करतो. तो चालवला, पण पडद्यावर काहीच दिसेना. खरं तर मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत हा प्रोग्राम निमूटपणे थांबून राहतो, पण हे कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. अभियंत्याला वाटलं, दुय्यम सर्व्हरवर उरलेलं फोल्डर आड येतंय. ते पुसायला तो गेला, पण समोरची खिडकी मुख्य सर्व्हरची होती. एकाचं नाव `db1`, दुसऱ्याचं `db2`. दोन्ही पडदे दिसायला सारखे.

कच्चा अहवाल इथेच थांबतो: ‘कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे’. गिटलॅबच्या अहवालाने मात्र दोन प्रश्न वेगळे ठेवले. सेवा बंद का पडली, हा एक. सुरू व्हायला इतका वेळ का लागला, हा दुसरा. अभियंत्याचं नावही लिहिलं नाही, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतंच.

डेटा गेला तर रोजचा बॅकअप असतो, अशी सगळ्यांची समजूत होती. तो `pg_dump` या प्रोग्रामने घेऊन ॲमेझॉनच्या साठवणीत ठेवला जायचा. तिथे पाहिलं, तर कप्पा रिकामा. डेटाबेसची आवृत्ती ९.६ होती, बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा. त्यामुळे तो दर वेळी चूक दाखवून थांबत होता. ही चूक कळवणारे ईमेलही जात होते. मात्र पाठवणारा खरा आहे हे पटवणारी सही त्यांवर नसल्यामुळे ते स्वीकारलेच जात नव्हते. बॅकअप बंद होता आणि तो बंद आहे हे सांगणारी घंटाही बंद होती.

डिस्कच्या प्रती काढण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरवर चालूच केलेली नव्हती, कारण इतर उपाय पुरेसे आहेत असं गृहीत धरलं होतं. वाचवलं ते ५.२० च्या त्या योगायोगाने काढलेल्या प्रतीने. पण ती चाचणीच्या, म्हणजे स्वस्त आणि संथ डिस्कच्या सर्व्हरवर होती. ती परत आणायला सुमारे अठरा तास लागले.

कारण असं सुटं झालं, की उपायही ठोस होतात. ‘यापुढे अधिक काळजी घेतली जाईल’ हे वाक्य अशा अहवालात निरुपयोगी असतं, कारण काळजी घेतली की नाही हे तपासता येत नाही. गिटलॅबने दिलेले उपाय तपासता येणारे होते. सर्व्हरच्या पडद्यावर रंग यावा, खऱ्या सर्व्हरला लाल आणि चाचणीच्या सर्व्हरला पिवळा. दिवसातून एकदा निघणारी प्रत दर तासाला निघावी. बॅकअप झाला नाही तर ईमेलवर विसंबून न राहता देखरेखीच्या यंत्रणेने इशारा द्यावा. आणि बॅकअपमधून डेटा खरोखर परत उभा राहतो का, याची चाचणी आपोआप होत राहावी. यातला रंगाचा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत लंगडा. रात्री उशिरा थकलेल्या डोळ्यांना लालही दिसेनासा होतो. शेवटचा उपाय सर्वांत खर्चिक, पण रिकामा कप्पा पहिल्याच दिवशी त्यानेच उघडा पडला असता.

अहवालात ‘का?’ हा प्रश्न एका उत्तरावरून पुढच्या उत्तरावर नेत विचारलेला आहे. बॅकअपमधून डेटा परत का मिळाला नाही? कप्पा रिकामा होता. ते आधी का कळलं नाही? परत उभारणीची चाचणी नियमित होत नव्हती. का होत नव्हती? ती कोणाचीच जबाबदारी नव्हती. ही साखळी एका अभियंत्याच्या खिडकीपासून निघते आणि कामाची वाटणी जिथे होते, त्या टेबलापाशी येऊन थांबते. उपायांच्या यादीत म्हणूनच एक नोंद तंत्रज्ञानाची नाही: डेटा सुरक्षित राहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावी. ती नेमण्याचं काम अहवाल वाचणाऱ्यांकडे होतं.