एका ‘दुसऱ्या’ची चार इंग्रजी रूपं

गिऱ्हाइकापुढे दुकानदाराने दोन शर्ट ठेवले आहेत. पहिला बघून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, ‘दुसरा दाखवा.’ दुकानदाराने समोरचाच उरलेला शर्ट उलगडायचा, की फळीवरून नवा काढायचा? मराठीत हे नजरेवरून ठरतं. इंग्रजीत मात्र बोलण्याआधीच ठरवावं लागतं. समोरचा उरलेला हवा असेल तर ‘शो मी द अदर वन’, आणि फळीवरचा कुठलाही चालणार असेल तर ‘शो मी अनदर वन’.

म्हणजे पहिला प्रश्न असा, की नेमका कोणता ते ऐकणाऱ्याला कळलंय का? जोडीतल्या वस्तूंबाबत ते आपोआप कळतं. एक हात, एक डोळा, रस्त्याची एक बाजू सांगितली की उरतं ते एकच, म्हणून तिथे ‘द अदर’. ‘व्हेअर इज द अदर शू?’ असंच विचारायचं. तिथे ‘अनदर शू’ म्हटलं, तर जोडीबाहेरचाच एखादा बूट शोधतोय असं वाटेल.

आता भावांचं उदाहरण घेऊ. भाऊ दोनच असतील तर ‘वन लिव्ह्ज इन पुणे, द अदर लिव्ह्ज इन नाशिक.’ भाऊ पाच असतील तर पुण्यातल्यानंतर चौघे उरतात. त्यांतला नाशिकचा कोणीतरी एक, म्हणून तो ‘अनदर’. राहिलेले तिघेही गावी असतील तर ‘द अदर्स लिव्ह इन द व्हिलेज’. इथला ‘द’ सांगतो की आता कोणी शिल्लक नाही. वर्गाबद्दल ‘सम पास्ड, द अदर्स फेल्ड’ म्हटलं, तर पास न झालेले सगळे नापास झाले. ‘द’ काढून नुसतं ‘अदर्स फेल्ड’ म्हटलं, तर आणखी काही मुलं परीक्षेला बसलीच नसण्याची वाट मोकळी राहते.

आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे ‘माय अनदर ब्रदर’. ती का चूक, हे शब्दाच्या घडणीत दिसतं. ‘अन’ आणि ‘अदर’ हे दोन शब्द जोडून ‘अनदर’ झाला. ‘अ बुक’मध्ये जो ‘अ’ असतो, तोच स्वरापुढे ‘अन’ होऊन इथे बसला आहे. ‘माय अ ब्रदर’ किंवा ‘द अ ब्रदर’ कोणी म्हणत नाही, म्हणून ‘माय अनदर’ आणि ‘द अनदर’ही चालत नाहीत. ‘माय अदर ब्रदर’ म्हणायचं. भाऊ बरेच असतील आणि त्यांतल्या एकाबद्दल बोलायचं असेल, तर ‘अनदर ऑफ माय ब्रदर्स’.

त्याच ‘अन’मुळे ‘अनदर’पुढे मोजता येणारी एकच वस्तू येते. ‘अनदर चेअर’ ठीक, पण ‘अनदर चेअर्स’ नाही, आणि ‘अनदर फर्निचर’ही नाही. ‘अनदर टेन मिनिट्स’ मात्र चालतं, कारण तिथे दहा मिनिटांचा एकच तुकडा धरलेला असतो.

‘अदर’ला ‘स’ कधी लावायचा, हे कोडं मराठी माणसाला जड जाऊ नये. ‘दुसरा, दुसरी, दुसरे’ असं शब्द बदलायची सवय असल्याने आपण अनेकवचन दिसलं की ‘अदर्स बुक्स’ म्हणून मोकळे होतो. पण ‘इतर’ हा शब्द आठवून पाहा. ‘इतर मुलांना बोलाव’ यात ‘इतर’ला काहीच चिकटत नाही, प्रत्यय ‘मुलं’ या नामाला लागतो. ‘मुलं’ गाळली की तोच प्रत्यय ‘इतर’वर येतो, ‘इतरांना बोलाव.’ इंग्रजीतही हेच घडतं. नाम सोबत असेल तर ‘कॉल द अदर बॉइज’, नाम गेलं की ‘कॉल द अदर्स’.

‘अनदर’ एका बाबतीत मराठीहून ढिला आहे. चहा पिऊन झाल्यावर ‘अनदर कप, प्लीज’ म्हटलं तर आणखी एक कप हवा आहे. कप फुटका निघाला म्हणून तेच म्हटलं तर बदलून हवा आहे. मराठीत ‘आणखी एक’ आणि ‘दुसरा’ असे वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत प्रसंगावरून ओळखायचं. गोंधळ होईल असं वाटलं तर ‘वन मोअर’ किंवा ‘अ डिफरंट वन’ म्हणावं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘अदर’चा पूर्वज ‘इतर’ आणि ‘क्रमाने दुसरा’ अशी दोन्ही कामं करायचा, अगदी आपल्या ‘दुसऱ्या’सारखा. पुढे फ्रेंचमधून ‘सेकंड’ आला आणि क्रमाचं काम त्याच्याकडे गेलं. त्या जुन्या अर्थाची खूण एका वाक्प्रचारात टिकून आहे, आणि औषध घेणाऱ्याने ती ओळखायलाच हवी. ‘वन टॅब्लेट एव्हरी अदर डे’ म्हणजे एक दिवसाआड एक गोळी. सोमवारी घेतली, तर मंगळवारी नाही, पुढची बुधवारी. ‘द अदर डे’ हा मात्र वेगळाच मामला आहे. त्याचा अर्थ ‘दुसऱ्या दिवशी’ नव्हे, तर ‘परवा-तेरवा कधीतरी’. ‘दुसऱ्या दिवशी’साठी इंग्रजीत ‘द नेक्स्ट डे’ म्हणतात.