केळीचा युरिया हप्त्याहप्त्याने

जळगावच्या केळीबागेत युरिया एकदम टाकला, तर मुळांना तो सगळा लगेच शोषता येत नाही. काळ्या, विम्लधर्मी जमिनीत वर पडलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया वायू होऊन उडतो. उरलेल्यातून जिवाणू नायट्रेट तयार करतात. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे जास्तीच्या पाण्याबरोबर ते मुळांखाली उतरते.

म्हणून ठिबकमधून खत रोपाच्या भुकेप्रमाणे देतात. महाराष्ट्रातल्या प्रचलित वेळापत्रकात हजार झाडांना पहिले 16 आठवडे दर आठवड्याला साडेचार किलो युरिया असतो. 17 ते 28 या आठवड्यांत झाड झपाट्याने वाढते, तेव्हा तो साडेतेरा किलो होतो आणि त्यानंतर पुन्हा साडेपाचवर येतो. कोणत्याही आठवड्यात मातीत वाया जाण्याइतका साठा उरत नाही.

पण वेळ चुकली, तर हा फायदा हातचा जातो.

ठिबक दोन तास चालणार असेल, तर पहिला अर्धा तास नुसते पाणी, मग तासभर खत आणि शेवटी नळ्या धुण्यापुरते पाणी द्यावे. खत सुरुवातीलाच सोडले, तर मागून येणारे पाणी युरिया खाली ढकलते. दुसऱ्या दिवशी ड्रीपरजवळ खड्डा खणून पाहावा. केळीची बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात. ओल त्याखाली बरीच गेली असेल, तर पाणी कमी करावे.