बैलाची झूल आणि कुत्र्याचा स्वेटर

रिद्धपूरला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या पोरांनी लाकडी बैलांच्या रांगेत घरचा कुत्राही उभा केला. अंगात लहान बाळाचं घट्ट जाकीट, डोक्यावर बेगडाचा मुकुट आणि हनुवटीखालून इलॅस्टिक. कुत्रा पळाला नाही की गुरगुरला नाही. कान मागे पाडून, शेपूट पोटाशी घेऊन तो जागच्या जागी थिजला होता आणि जीभ सारखी नाकावरून फिरवत होता. पोरांना वाटलं, किती शहाण्यासारखा फोटो काढून घेतोय. शेजारचे आजोबा मात्र खाटेवरून उठले. "पोट्टेहो, त्याचं तोंड कायले बांधता? जनावर तोंडानंच बोलते," म्हणाले आणि त्यांनी आधी मुकुट उतरवला. हनुवटीखालचे केस इलॅस्टिकमध्ये गुंतून पिळले गेले होते.

आजोबांनी जन्मभर बैल सजवले. पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल पडते, ती पाठ आणि दोन्ही बाजू झाकते. पोट, पाय आणि शेपटीखालची जागा मोकळी राहते. बाशिंग कपाळावर, डोळ्यांच्या वर बसतं. तोरणाखालून फेरी झाली, घरी पूजा झाली की झूल उतरवतात. आदल्या दिवशीच्या खांदमळणीत जुवाने घासलेली जागा हाताने चोळून शेकतात. कुत्र्याला काय घालावं, किती वेळ घालावं आणि नंतर काय तपासावं, हे सगळं या रीतीत आलं आहे. बाजारातल्या तयार स्वेटरपेक्षा मला हा नमुना जास्त पटतो.

थंडीपासून सुरुवात करू. कुत्र्याच्या केसांचं काम अंगाभोवती हवा धरून ठेवण्याचं असतं. गारवा लागला की केस उभे राहतात आणि त्यांच्यात अडकलेली हवा दुलईसारखी ऊब धरते. स्वेटर घट्ट असला तर तेच केस अंगाला चिकटतात, हवेचा थर जातो आणि लोकरीखालीही कुत्रा कुडकुडू शकतो. पॉमेरियन किंवा जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्यांना वरच्या केसांखाली मऊ केसांचा दुसरा थर असतो. त्यांना आपल्याकडच्या थंडीत स्वेटरची गरज नाही, रोज केस विंचरणं पुरे. गरज असते ती म्हाताऱ्या, रोडावलेल्या, आजारी किंवा अगदी आखूड केसांच्या कुत्र्याला आणि पिल्लांना. त्यांनाही आधी जमिनीपासून थोडी उंच, गोणपाट घातलेली जागा द्यावी. फरशी जेवढी ऊब ओढून घेते, तेवढी पाठीवरचा स्वेटर परत देत नाही.

दुसरी गोष्ट दुपारची. डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चटका देतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. पहाटे घातलेला स्वेटर दुपारपर्यंत अंगावर राहिला तर उष्णता आत कोंडते. सावलीत निवांत पडलेला कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला, तर स्वेटर काढायला उशीर झालाच आहे.

आता झुलीचा नमुना कुत्र्याच्या मापाने बेतू. मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा घेऊ. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ 48 सेंटीमीटर भरली आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर 60 भरला. माप तो उभा असताना, केस न दाबता घ्यायचं. झूल 44 लांब कापायची, म्हणजे शेपटीपाशी चार सेंटीमीटर मोकळे राहतात. रुंदी 40 ठेवली की पाठ आणि दोन्ही कुशी झाकल्या जातात. घेरातले उरलेले 20 छातीखालचे. तिथे पट्टी येते, पण ती 20 नको. कापड आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सहज सरकावीत म्हणून चार वाढवायचे आणि एकमेकांवर चढवून बंद करण्यासाठी आठ. अशी पट्टी 32 लांब आणि चार बोटं रुंद. अरुंद नाडी केसांत रुतते. ही पट्टी छातीच्या फासळ्यांखाली बसवायची, पोटाच्या मागच्या भागावर नाही. तिथे बसली तर नर कुत्रा मुतताना ती ओली होते आणि ओल्या कापडाखाली कातडी लाल पडते. पुढून दुसरी पट्टी छातीच्या हाडावरून न्यायची, गळ्यावरून नाही.

वरचं कापड जुन्या स्वेटरचं चालेल, पण आतून वापरून मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर लावा. नुसती लोकर चालताना केसांवर घासते आणि काखेत, कानामागे, मांडीच्या सांध्यात त्यांच्या गाठी होतात. शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवा, आतली बाजू सपाट राहिली पाहिजे. बंदाला वेल्क्रोची पट्टी लावणार असाल तर तिची खरखरीत बाजू अंगाकडे येऊ देऊ नका, ती केस उपटते. बटणं, टिकल्या, मणी नकोत. कुत्रा ते चावून गिळतो.

पहिल्या दिवशी झूल नुसती त्याच्यासमोर ठेवा, हुंगू द्या. मग पाठीवर टाकून लगेच काढा. बांधायची ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तीही थोडाच वेळ. चार पावलं टाकून तो नेहमीसारखा चालू लागला, बसला, अंग खाजवू शकला तर माप जमलं. सारखं अंग झटकणं, जांभया देणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहणं, हे नको म्हणणं आहे. तोंडावर मुखवटा, गॉगल किंवा कान दाबणारी टोपी असली की हीच चिन्हं झाकली जातात आणि मुखवट्यामुळे तोंड पुरतं उघडता न आल्यास धापाही टाकता येत नाहीत.

सणाची हौस असेल तर हीच झूल रंगीत काठाची करा. पोळा पावसाळ्यातला, हवा दमट असते, म्हणून फोटोपुरती पाच-दहा मिनिटं पुरेत. दिवाळीत पणत्यांजवळ जरीचं किंवा नायलॉनचं कापड घालून जनावर फिरू देऊ नये. अंगावर गुलाल किंवा चमकी टाकली की ती चाटण्यातून पोटात जाते.

मांजराचं वेगळं आहे. अंगावर कापड पडलं की पुष्कळ मांजरं आडवी होतात किंवा पोट जमिनीला लावून सरपटतात. मांजर जागेपणीचा मोठा वेळ अंग चाटण्यात घालवतं, कपडा ते थांबवतो. मिश्यांनी ते जागेचा अंदाज घेतं, म्हणून तोंडाजवळ झालर नकोच. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणून डॉक्टरांनी कपडा सांगितला तर तो घालावा. एरवी मांजराला सजवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो हवा तर तोरण त्याच्या मागे टांगा. पण कापडाचा किंवा तोरणाचा सुटलेला दोरा मांजराने गिळला तर आतडं गोळा होऊन फाटू शकतं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

झूल उतरवल्यावर खांदमळणीसारखा हात फिरवा. काखेत, मानेभोवती, पट्टीखाली केस बोटांनी बाजूला करून कातडी बघा. लाली, ओल किंवा तुटलेले केस दिसले तर दुसऱ्या दिवशी झूल घालू नका आणि पट्टी सैल करून घ्या. गाठ झाली असेल तर ती कात्रीने कापू नका, कातडी तिच्यात ओढली गेलेली असते. मुळाशी केस धरून टोकाकडून बोटांनी हळूहळू सोडवा.