‘जुनं घर’ म्हणजे कोणतं?

चिकोडीत कुणी ‘आमचं जुनं घर’ म्हणालं, तर ते पूर्वी सोडलेलं घर की आजही नांदतं, पण वयानं जुनं? मराठीत विशेषण नामाआधीच बसतं, कन्नडातही. अर्थ प्रसंगावरून लावायचा. फ्रेंचमध्ये तो जागेवरून कळतो. ‘आन्सिएन मेझों’ म्हणजे पूर्वीचं घर, मग ते दहाच वर्षांपूर्वी बांधलेलं का असेना. ‘मेझों आन्सिएन’ म्हणजे वयानं जुनं घर. तसंच ‘शेर’ आधी आला तर प्रिय, नंतर महाग. ‘प्रॉप्र’ आधी स्वतःचं, नंतर स्वच्छ. आपल्याकडे ‘माजी’ आहे खरा, पण माजी सरपंच असतो, माजी घर नसतं. म्हणून मराठीतलं ‘जुनं घर’ फ्रेंचमध्ये नेणाऱ्यानं आधी विचारावं, ‘अजून तिथंच राहता का?’