बारा भागांची दोरी

गेल्या मार्चअखेर मी ताईकडे सातारा जिल्ह्यात गेलो होतो. शेतातला गहू नुकताच निघाला होता. माझी भाची नववीत आहे आणि कबड्डी खेळते. तिने दाजींच्या मागे लागून बांधालगतचा एक तुकडा सुट्टीपुरता मिळवला होता, कारण मैत्रिणींबरोबर सराव करायला तिथे मैदान आखायचं होतं. महिलांच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, आणि तिला त्याच मापाचं हवं होतं. हाताशी एक मीटरटेप, खुंट्या, फक्कीची पिशवी आणि नायलॉनची दोरी होती.

"मामा, लांबी-रुंदी टेपने होईल, पण कोपरा सरळ कसा धरायचा? कंपासपेटीतला गुण्या इथे काय कामाचा?" असं तिने विचारलं.

प्रश्न अगदी नेमका होता. १२, ८, १२, ८ अशा चार बाजू बिनचूक मोजल्या तरी मैदान चौरस बसेलच असं नाही. जुनी खाट एका बाजूला कलते तेव्हा तिच्या लाकडांची लांबी बदललेली नसते. बदलतात ते कोपरे. चार बाजूंची आकृती अशीच लवते, म्हणून फाटक लवू नये यासाठी सुतार त्यावर एक तिरकी पट्टी ठोकतो. त्या पट्टीने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजूंची लांबी एकदा ठरली की त्रिकोणाचे कोन बदलू शकत नाहीत. म्हणजे ज्या त्रिकोणाचा एक कोन काटकोनच असेल अशा तीन लांब्या सापडल्या की कोन मोजायची गरजच उरत नाही.

या लांब्या तिला पुस्तकातून माहीत होत्या. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, दोन्हींची बेरीज २५, आणि २५ हा ५ चा वर्ग. ज्या त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ५ आहेत, त्यात ५ च्या समोरचा कोन काटकोन असतो. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं. तिथल्या गवंडीकाकांनीही तेच सांगितलं, फक्त फुटांत: "तीन, चार, पाच धर पोरी, गुण्या आपोआप बसतो."

दुपारी ती दोरी घेऊन ओट्यावर बसली. ३, ४ आणि ५ मिळून १२ होतात, म्हणून दोरीचे बारा सारखे भाग हवे होते. आधी तिने टेपने दर मीटरवर खडूची खूण केली आणि खुणेवर गाठ मारली. बारा गाठी झाल्यावर मोजून पाहिलं, तर दोन गाठींमधलं अंतर मीटरपेक्षा सहा-सात सेंटीमीटर कमी भरलं. तेवढी दोरी प्रत्येक गाठीत गेली होती.

ती खट्टू झाली. खरं तर इथे नुकसान काहीच नव्हतं. सगळे भाग सारखेच आखडले असते, तर त्रिकोण थोडा लहान झाला असता, पण त्याचा कोन तोच राहिला असता. या दोरीत मीटर किंवा फूट मोजावा लागत नाही. एक भाग वीतभर असो की काठीएवढा, बाराही भाग एकमेकांसारखे असले की झालं. तिची खरी अडचण वेगळी होती. काही गाठी घट्ट बसल्या होत्या, काही सैल, त्यामुळे भाग कमी-जास्त झाले होते. मग तिने एक मीटरची काठी कापली, गाठ सैल मारून काठीच्या मापापर्यंत सरकवली आणि मगच आवळली. असे अकरा भाग नेटके झाले. बारावा भाग करण्यासाठी दोरीची दोन्ही टोकं एकत्र बांधायची होती. ती गाठ सरकवता येईना. तिने अंदाजाने बांधली.

संध्याकाळी आम्ही शेतात गेलो. बांधाला समांतर सुतळी ताणून १२ मीटरची पहिली रेषा धरली आणि तिच्या एका टोकाला, कोपऱ्यावर, खुंटी ठोकली. कोपऱ्यापासून रेषेवर चार भाग मोजून दुसरी खुंटी ठोकली. टोकं बांधलेली गाठ या दुसऱ्या खुंटीला अडकवली, तिथून चौथी गाठ कोपऱ्याच्या खुंटीला, आणि सातवी गाठ हातात धरून ती शेतात मागे मागे सरकत गेली. दोन्हीकडची दोरी ताठ झाली तिथे तिसरी खुंटी बसली. रेषेवर चार भाग, कोपऱ्यातून शेतात तीन भाग आणि तिरके पाच भाग असा त्रिकोण उभा राहिला. तीन भागांची बाजू तशीच पुढे वाढवून तिने ८ मीटरवर खूण केली, मग उरलेले दोन कोपरे टेपने मोजून धरले.

फक्की टाकायला निघालो तेवढ्यात गवंडीकाका बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "कर्ण मोजले का?"

मोजले नव्हते. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात आणि कललेल्या चौकोनाचे नसतात. १२ आणि ८ च्या आयताचा कर्ण किती, तेही आधी काढता येतं: १४४ अधिक ६४ म्हणजे २०८, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे १४.४२. आमचा एक कर्ण १४.५६ मीटर निघाला आणि दुसरा १४.२८. फरक २८ सेंटीमीटरचा होता.

चूक कुठे होती? तिने दोरीचा एकेक भाग काठीला लावून पाहिला. अकरा भाग बरोबर निघाले. टोकं जिथे बांधली होती तो बारावा भाग पाच सेंटीमीटर जास्त होता, आणि तो तिरक्या बाजूत आला होता. पाचाच्या जागी ५.०५ झालं की काटकोनाचा साधारण ९१.२ अंश होतो. तीन मीटरच्या त्रिकोणात एवढा फरक नजरेला दिसत नाही. पण तीच बाजू आठ मीटरपर्यंत वाढवली की टोक सुमारे १७ सेंटीमीटर सरकतं. कर्ण मोजताना एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो, म्हणून तीच चूक आणखी मोठी, २८ सेंटीमीटरची होऊन समोर येते. गवंडी आधी कर्ण का मोजतात ते तिला तिथे उमगलं. या पडताळणीची एक अट मात्र आहे: समोरासमोरच्या बाजू आधी सारख्या असायला हव्यात. त्या सारख्या नसतील, तर कर्ण जुळले म्हणून आयत झालाच असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नवी दोरी केली, आणि या वेळी तीन गोष्टी बदलल्या. नायलॉन ताणला की लांबतो, आणि एका बाजूला जास्त जोर लागला तर तेवढीच बाजू वाढते. म्हणून तिने घरातला सुती दोर घेतला. खुणांसाठी दोरालाच गाठी न मारता लाल लोकरीचे तुकडे दोरावर घट्ट गुंडाळले, कारण त्यात दोर गिळला जात नाही आणि खूण शेवटपर्यंत सरकवून नेमकी करता येते. दोन्ही टोकांना एकेक फास ठेवला. हे दोन्ही फास एकाच खुंटीत अडकवायचे होते, त्यामुळे टोकं बांधायची भानगडच राहिली नाही.

शिवाय तिने एकेक भाग दोन मीटरचा केला. दोर २४ मीटरचा झाला आणि त्रिकोणाच्या बाजू ६, ८ आणि १०. कोन तोच, पण त्रिकोण दुप्पट मोठा. तिरक्या बाजूत पाच सेंटीमीटरची तीच चूक पुन्हा झाली असती, तर आठ मीटरवर टोक १७ ऐवजी जेमतेम साडेआठ सेंटीमीटर सरकलं असतं. लहान त्रिकोणाची बाजू लांबवर वाढवली की चूकही तेवढीच वाढते. म्हणून जागेत मावेल तेवढा मोठा त्रिकोण धरावा. ताणताना तिने दोर जमिनीपासून वीतभर वर धरला, कारण एखाद्या ढेकळावरून दोर वाकून गेला की खुंट्यांमधलं सरळ अंतर तेवढं कमी भरतं.

या कामाला आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणारे ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रं, आणि शुल्ब म्हणजे दोरीच. बौधायन, आपस्तंब आणि कात्यायन यांची शुल्बसूत्रं प्रसिद्ध आहेत. आपस्तंबांनी महावेदी आखण्याची सांगितलेली रीत माझ्या भाचीला सगळ्यात आवडली. पूर्व-पश्चिम रेषेवर ३६ पावलांच्या अंतराने दोन खुंट्या ठोकायच्या. ३६ पावलांच्या दोरीत आणखी १८ पावलं मिळवून ती ५४ पावलांची करायची आणि पश्चिम टोकापासून १५ पावलांवर एक खूण करायची. दोरीची टोकं दोन खुंट्यांना बांधून ती खूण दक्षिणेकडे ताणली की एका बाजूला १५ पावलं दोरी असते आणि दुसऱ्या बाजूला ३९. १५ चा वर्ग २२५, ३६ चा १२९६, बेरीज १५२१, आणि तो ३९ चा वर्ग. पश्चिमेच्या खुंटीशी काटकोन तयार. तीच खूण मग उत्तरेकडे ताणायची. बारा गाठी नकोत, एक खूण पुरे.

बारा गाठींच्या दोरीची गोष्ट बहुतेक ठिकाणी प्राचीन इजिप्तच्या नावाने सांगितली जाते. तिथे गाठींच्या दोरीने शेतं मोजत असत हे खरं आहे. मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात तसं चित्रही आहे. पण त्या दोरीने ३-४-५ चा त्रिकोण करून काटकोन काढत, हा १९व्या शतकातल्या मोरिट्झ कँटर या जर्मन गणित-इतिहासकाराचा तर्क होता. पुढे तो पुराव्यासारखा सांगितला जाऊ लागला. शुल्बसूत्रांत मात्र रीत शब्दांत लिहिलेली आहे, आणि आजही दोरी घेऊन ती करून पाहता येते.

दुसऱ्या दिवशीच्या आखणीनंतर कर्ण मोजायची वेळ आली. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि आकडा ती वाचत होती. पहिला १४.४३, दुसरा १४.४१. दोन सेंटीमीटरचा फरक कर्णांत, म्हणजे आठ मीटरवर टोक सव्वा सेंटीमीटरच्या आसपास सरकलेलं. फक्कीचा पट्टा त्याहून रुंद पडतो. ती काही बोलली नाही. चारही खुंट्यांभोवती सुतळी फिरवली, पिशवीचं तोंड सोडलं आणि सुतळीच्या कडेने फक्की टाकत निघाली. आधी कडा, मग मधोमध मध्यरेषा, मग तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरवर निदानरेषा. पहिला कोपरा नीट बसल्यामुळे या सगळ्या रेषांना आता फक्त टेप पुरत होता.

नायलॉनची पहिली दोरी तिने टाकून दिली नाही. बारावी गाठ सोडली, दोन टोकांना फास केले आणि ती शाळेत घेऊन गेली.