शंभर अँपिअर आणि दोन बारीक तारा

वीज उपकेंद्रातल्या सर्किट ब्रेकरचे कॉन्टॅक्ट मिटलेले असताना त्यांचा रोध साधारण 50 मायक्रोओहम, म्हणजे एका ओहमचा वीस हजारावा भाग असतो, असे धरू. त्यातून 1000 अँपिअर प्रवाह गेला की तिथे 50 वॅट उष्णता निर्माण होते. कॉन्टॅक्ट झिजून रोध 300 मायक्रोओहम झाला, तर तीच उष्णता 300 वॅट होते आणि ब्रेकर आतून भाजू लागतो. म्हणून देखभालीत हा रोध मोजतात.

साध्या मल्टिमीटरने ते जमत नाही. त्याची दोन टोके नुसती एकमेकांना टेकवली, तरी काट्यावर एखाद-दोन दशांश ओहम दिसतात. तो रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा आणि टोकांच्या स्पर्शाचा असतो. ब्रेकरच्या रोधाच्या तो हजारो पट मोठा. बरे, एकदा मोजून वजा करावा, तर टोक किती जोरात दाबले यावरही तो बदलतो.

यावरचा उपाय म्हणजे चार तारा. दोन जाड तारांतून ब्रेकरमध्ये 100 अँपिअर एकदिश प्रवाह सोडतात. दुसऱ्या दोन बारीक तारा कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना लावून फक्त व्होल्टेज मोजतात. 50 मायक्रोओहमवर ते 5 मिलिव्होल्ट भरते. त्याला 100 ने भागले की रोध मिळाला.

मग तारांचा रोध गेला कुठे? जाड तारा तांब्याच्या, 16 चौरस मिलिमीटरच्या आणि मिळून दहा मीटर लांब असतील, तर त्यांचा रोध सुमारे 11 मिलिओहम होतो. त्यांच्यात 1.1 व्होल्ट खर्ची पडतात, ब्रेकरवरच्या व्होल्टेजच्या दोनशेहून अधिक पट. पण एकामागोमाग जोडलेल्या मार्गात प्रवाह सगळीकडे सारखाच असतो आणि तो स्वतंत्रपणे मोजलेला असतो. तारांतले 1.1 व्होल्ट पुरवठा यंत्राने सोसायचे. व्होल्टमीटर त्या तारांच्या पलीकडे, थेट ब्रेकरवर बसलेला असल्यामुळे ते त्याच्या मोजणीत येतच नाहीत.

बारीक तारांचे कारण वेगळे आहे, आणि या पद्धतीतले खरे कौशल्य तिथेच आहे. व्होल्टमीटरचा अंतर्गत रोध 10 मेगाओहम असेल, तर 5 मिलिव्होल्टला त्या तारांतून जेमतेम अर्धा नॅनोअँपिअर वाहतो. तारांचा रोध तिसरा भाग ओहम धरला, तरी त्यांच्यात एका नॅनोव्होल्टचाही फरक पडत नाही. टोकाच्या चिमट्याखाली थोडा गंज असला, तरी हिशेब फारसा बिघडत नाही.

बिघडतो तो जागा चुकली की. बारीक तारेचा चिमटा प्रवाहाच्या क्लॅम्पलाच लावला, तर क्लॅम्प आणि धातू यांच्यातला स्पर्शरोध मोजमापात शिरतो. म्हणून व्होल्टेजचे चिमटे प्रवाहाच्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूला, कॉन्टॅक्टकडे लावायचे. क्लॅम्प हलवून घट्ट केल्यावर आकडा बदलला, तर इथेच संशय घ्यावा.

दुसरी अडचण उष्णतेची. दोन वेगळे धातू जोडलेल्या ठिकाणी तापमानाचा फरक असला, की काही मायक्रोव्होल्ट आपोआप निर्माण होतात. प्रवाहाची दिशा उलटवून दोनदा मोजले, तर रोधामुळे आलेले व्होल्टेज चिन्ह बदलते, हे आगंतुक व्होल्टेज मात्र बदलत नाही. दोन्ही वाचनांच्या वजाबाकीचे अर्धे घेतले की ते गळून जाते.